राउंड रॉबिनचं उत्तर ६ की ५.५? एकच गणित सगळ्या शेड्युलिंग अल्गोरिदमना लावून पाहू

मृद्गंध

टीवायला आहे. ऑपरेटिंग सिस्टिममधला सीपीयू शेड्युलिंगचा धडा चालू आहे आणि क्लासच्या नोट्समधल्या एका गणितावर गाडी अडली आहे. सीपीयू एकच, प्रोसेस चार:

```
प्रोसेस   आगमन   बर्स्ट
  क        ०       ७
  ख        १       ४
  ग        ३       १
  घ        ४       ३
```

राउंड रॉबिन लावा, क्वांटम २ धरा आणि सरासरी वेटिंग टाइम काढा, असा प्रश्न आहे. माझं उत्तर ६ येतं, नोट्समध्ये ५.५ दिलं आहे. बेरीज-वजाबाकी तपासली, ती बरोबर आहे.

दुसरी शंका त्याहून मोठी आहे. हेच गणित साध्या एफसीएफएसने सोडवलं तर असं येतं:

```
०        ७      ११   १२     १५
|   क    |  ख   | ग  |  घ   |
```

क थांबलाच नाही. ख थांबला ७−१=६, ग थांबला ११−३=८, घ थांबला १२−४=८. बेरीज २२, सरासरी ५.५. म्हणजे आल्या क्रमाने जाऊ दिलं तरी ५.५, आणि इतकी उलथापालथ करून राउंड रॉबिनमध्येही ५.५ किंवा ६! मग राउंड रॉबिनने मिळवलं काय?

---

अर्धाकप

६ च बरोबर, नोट्स चुकल्या आहेत. नियम असा आहे की नवीन आलेली प्रोसेस रांगेत आधी लागते, क्वांटम संपलेली तिच्या मागे. त्या हिशोबाने:

```
०   २   ४   ६  ७   ९   ११  १३ १४ १५
| क | ख | क |ग | घ | ख | क |घ |क |
```

क ८, ख ६, ग ३, घ ७. बेरीज २४, सरासरी ६. विषय संपला.

---

खडूफळा

अर्धाकप, तुमची टाइमलाइन अचूक आहे, पण नोट्सना चूक म्हणता येणार नाही. बरीच वर्षं हा विषय शिकवतोय आणि पेपर तपासताना नेमकी हीच दोन उत्तरं दर वेळी समोर येतात.

सगळं भांडण ४ या एका क्षणाचं आहे. त्या क्षणी दोन गोष्टी एकदम घडतात: ख चा क्वांटम संपतो आणि घ येऊन उभा राहतो. रांगेत क आणि ग आधीपासून आहेत. आता ग च्या मागे पहिला कोण, घ की ख? घ ला आधी घेतलं तर वरची टाइमलाइन मिळते. ख ला आधी घेतलं तर ही मिळते:

```
०   २   ४   ६  ७   ९   ११  १३ १४ १५
| क | ख | क |ग | ख | घ | क |घ |क |
```

पट्ट्यांच्या सीमा त्याच आहेत, फक्त ७ ते ११ मधल्या ख आणि घ च्या जागा बदलल्या. ख आता ११ ऐवजी ९ ला मोकळा होतो, म्हणून त्याचं थांबणं ६ वरून ४ वर येतं. घ दोन्हीकडे १४ लाच संपतो, त्यामुळे त्याचे ७ तसेच राहतात. बेरीज २२, सरासरी ५.५. नोट्स लिहिणाऱ्याने हे गृहीत धरलेलं दिसतंय.

सोडवलेल्या उदाहरणांत बहुतेकदा नवीन प्रोसेसला आधी घेतात, हे खरं. पण तो संकेत झाला. राउंड रॉबिनच्या व्याख्येत तसं काही नाही. मृद्गंध, परीक्षेत टाइमलाइनच्या वर एक ओळ लिहायची: ‘एकाच क्षणी आगमन व क्वांटमची समाप्ती झाल्यास नवीन प्रोसेस आधी धरली आहे.’ त्याखाली तयार रांगही प्रत्येक टप्प्याला लिहून दाखव: ४ ला क, ग, घ, ख, ६ ला ग, घ, ख, क. नुसती पट्टी काढली की तपासणाऱ्याला फक्त शेवटचा आकडा दिसतो आणि तो त्याच्या आकड्याशी जुळला नाही तर गुण जातात.

---

डोंगरवाट

मी लिनक्स कर्नलच्या आसपास काम करतो, म्हणून ४ च्या क्षणाबद्दल थोडं. खऱ्या मशीनवर अशी अचूक बरोबरी होतच नाही. क्वांटम संपल्याचं टायमर इंटरप्ट सांगतो. नवीन प्रोसेस बहुधा चालू प्रोसेसनेच `fork()` करून जन्माला घातलेली असते, नाहीतर झोपलेली एखादी प्रोसेस दुसऱ्या कुठल्या इंटरप्टमुळे जागी होते. एका सीपीयूवर या घटना एकीमागून एकच हाताळल्या जातात. कोण आधी हे त्या वेळी ठरून गेलेलं असतं. कागदावर वेळ पूर्णांकात मोजतो, म्हणून बरोबरी दिसते.

आता दुसरी शंका, ‘राउंड रॉबिनने मिळवलं काय?’ वेटिंग टाइम हे माप राउंड रॉबिनसाठी नाहीच. आल्यापासून पहिल्यांदा सीपीयू मिळेपर्यंत किती वेळ गेला, म्हणजे रिस्पॉन्स टाइम, तो पाहा. एफसीएफएसमध्ये एकदा सुरू झालेली प्रोसेस मधे थांबत नाही, म्हणून तिथे रिस्पॉन्स आणि वेटिंग एकच: ०, ६, ८, ८, सरासरी ५.५. राउंड रॉबिनमध्ये, नवीन आधी धरून: क ०, ख २−१=१, ग ६−३=३, घ ७−४=३. सरासरी १.७५.

घ म्हणजे तुमचा एडिटर आहे असं समजा. एफसीएफएसमध्ये की दाबल्यावर ८ एकक स्क्रीनवर काहीच हलणार नाही. राउंड रॉबिनमध्ये ३ एककांत अक्षर उमटेल. त्याचं सगळं काम १५ ऐवजी १४ ला संपलं, याने समोर बसलेल्याला फारसा फरक पडत नाही.

किंमतही मोजावी लागते. एफसीएफएसमध्ये ३ कॉन्टेक्स्ट स्विच झाले, इथे ८. स्विचचा खर्च फक्त रजिस्टर साठवण्याचा नसतो. नवी प्रोसेस आली की कॅशमध्ये तिचा डेटा नसतो आणि सुरुवातीचा काही काळ ती मेमरीची वाट पाहत रखडते. म्हणून क्वांटम फार लहान ठेवत नाहीत. लिनक्समध्ये रिअल-टाइम `SCHED_RR` ला मुळात १०० मिलिसेकंद असतात, `/proc/sys/kernel/sched_rr_timeslice_ms` मध्ये दिसतील. दुसऱ्या टोकाला, या गणितात क्वांटम ७ केला तर कोणाचाच क्वांटम संपणार नाही आणि हाच राउंड रॉबिन एफसीएफएस होऊन बसेल.

---

अर्धाकप

ठीक, बरोबरीचा मुद्दा पटला. पण मग सरळ एसजेएफ वापरा ना! सर्वात लहान काम आधी घेतलं की सरासरी वेटिंग सर्वात कमी येतं, हे सिद्धच झालेलं आहे.

```
०        ७  ८      ११      १५
|   क    |ग |  घ   |   ख   |
```

क ०, ग ४, घ ४, ख १०. बेरीज १८, सरासरी ४.५.

---

डोंगरवाट

सिद्ध झालंय, पण एका अटीवर: सगळी कामं सुरुवातीलाच हजर हवीत. कारण सोपं आहे. रांगेत ७ चं काम पुढे आणि ४ चं लगेच मागे असेल, तर मागच्याला पुढच्यापायी ७ एकक थांबावं लागतं. जागा बदला, आता मागच्याला ४ च. बाकी कोणाच्याच वेळेला धक्का न लागता ३ वाचले. अशी अदलाबदल करत गेलं की शेवटी लहानापासून मोठ्यापर्यंत रांग लागते आणि पुढे वाचवायला काही उरत नाही.

तुमच्या टाइमलाइनमध्ये ती अट मोडली आहे. क ० ला एकटाच होता, म्हणून सुरू झाला, आणि नंतर लहान कामं आली तरी ७ पर्यंत कोणी त्याला उठवलं नाही. प्रोसेसला मधेच उठवायची मुभा द्या, म्हणजे एसआरटीएफ:

```
०  १    ३  ४    ६      ९            १५
|क | ख  |ग | ख  |  घ   |     क      |
```

१ ला ख आला, त्याचे ४ आणि क चे उरलेले ६, म्हणून ख बसला. ३ ला ग आला, त्याचा १ आणि ख चे उरलेले २, म्हणून ग. ४ ला घ आला, पण त्याचे ३ आणि ख चे २, म्हणून ख परत. क ८, ख १, ग ०, घ २. सरासरी २.७५. कामं अशी पुढेमागे येत असताना सर्वात कमी वेटिंग देतो तो हा.

मात्र क चे ८ बघा. सगळी कपात एकट्या क च्या खात्यातून झाली. लहान कामं येतच राहिली तर क कधीच संपणार नाही, आणि सरासरीत ते दिसणारही नाही.

दुसरी अडचण म्हणजे बर्स्ट किती हे आधी कळणार कसं? प्रोसेस काही सांगून येत नाही. मागच्या बर्स्टवरून अंदाज बांधता येतो:

```
τ(n+1) = α·t(n) + (1−α)·τ(n)
```

α अर्धा धरा, पहिला अंदाज ८. प्रत्यक्षात ४ निघाला, तर पुढचा अंदाज ६. मग २ निघाला, अंदाज ४. आणि आता अचानक १२ चा बर्स्ट आला, तर आपण ४ चं समजून त्याला पुढे बसवलं. एका संवादी प्रोग्रॅमने जड हिशोब काढायला घेतला की असंच होतं.

---

बाळासाहेब_सांगली

चांगली चर्चा. माझंही शेड्युलिंगचंच दुखणं आहे. दुकानात बिलिंगचा एक लिनक्स सर्व्हर आहे. `cron` मध्ये रात्री साडेआठचा बॅकअप लावला आहे आणि नेमकं त्याच वेळेला शेवटच्या गिऱ्हाइकांची बिलं अडकतात. यातला कुठला अल्गोरिदम `cron` ला लावू म्हणजे बिलिंग पळेल?

---

डोंगरवाट

बाळासाहेब, `cron` काम कधी सुरू करायचं तेवढं ठरवतो. इथे चाललंय ते सुरू झालेल्या कामांपैकी पुढचे काही मिलिसेकंद सीपीयू कोणाला द्यायचा याबद्दल. तरी तुमचा प्रश्न या धाग्यात बसतो, कारण आधी हे पाहायला हवं की अडतंय ते सीपीयूसाठीच का.

बॅकअप चालू असताना `vmstat 1` चालवा. `r` च्या रकान्यात सीपीयू वापरणाऱ्या आणि त्याच्यासाठी रांगेत असलेल्या प्रोसेस दिसतात, `b` मध्ये बहुतेकदा डिस्कच्या उत्तराची वाट पाहत अडकलेल्या. `r` सतत कोअरच्या संख्येहून जास्त असेल तर सीपीयूची टंचाई आहे, बॅकअपला `nice -n 19` लावा. `r` कमी आणि `b` व `wa`, म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात गेलेल्या सीपीयूच्या वेळेचे टक्के, चढलेले असतील तर सीपीयू मोकळाच बसलाय. मग सीपीयूचा कुठलाही अल्गोरिदम बदलून काडीचा फरक पडणार नाही.

---

बाळासाहेब_सांगली

आत्ताच पाहिलं. `r` ० किंवा १, `b` ३-४, `wa` साठच्या वर. म्हणजे डिस्क.

---

डोंगरवाट

हो, डिस्कच. बॅकअपच्या कमांडच्या आधी `ionice -c 3` लावून बघा. पण त्याआधी `cat /sys/block/sda/queue/scheduler` मध्ये चौकटी कंसात काय आहे ते पाहा, तुमच्या डिस्कचं नाव वेगळं असेल तर `sda` च्या जागी ते घाला. `bfq` असेल तर `ionice` चा उपयोग होईल. `none` असेल तर ते जुमानलंच जाणार नाही, आणि बॅकअप दुकान बंद झाल्यावर घेणं हाच उपाय.

---

मृद्गंध

रिस्पॉन्स टाइमचं आता लक्षात आलं. पण मग बर्स्ट आधी माहीत नसताना एसआरटीएफच्या जवळ जायचा काही मार्गच नाही का? आणि प्रायॉरिटीचं उदाहरण अजून कोणी दिलं नाही.

---

डोंगरवाट

मार्ग आहे, आणि तो जुना आहे. एमआयटीच्या सीटीएसएस या टाइमशेअरिंग सिस्टिमबद्दल कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली लिहिलं, त्यात तो सापडतो. मल्टिलेव्हल फीडबॅक क्यू. कल्पना अशी की अंदाज बांधायचाच नाही, प्रोसेसच्या वागण्यावरून तिला ओळखायचं. नवी प्रोसेस सर्वात वरच्या रांगेत येते. तिथला क्वांटम पूर्ण वापरून संपवला, तर ती लांब कामाची आहे असं समजून एक पायरी खाली ढकलायची. खालच्या रांगेचा क्वांटम मोठा, पण वरची रांग रिकामी असेल तेव्हाच तिची पाळी.

तुझंच गणित घेऊ. वरच्या रांगेत क्वांटम २, मधल्या रांगेत ४, सर्वात खाली एफसीएफएस.

```
०   २   ४  ५   ७       ११   १३ १४ १५
| क | ख |ग | घ |   क   | ख  |घ |क |
```

क आपले २ वापरून मधल्या रांगेत गेला, ४ ला ख ही गेला. वर ग आणि घ उरले. ग एकातच संपला, घ २ वापरून खाली आला. ७ ला वरची रांग रिकामी, मग मधल्या रांगेतून क ४ एकक चालला आणि तरी संपला नाही, म्हणून तळाच्या रांगेत गेला. नंतर ख चे २, घ चा १, शेवटी क चा १.

वेटिंग: क ८, ख ८, ग १, घ ७. सरासरी ६, म्हणजे तुझ्या राउंड रॉबिनइतकीच. रिस्पॉन्स मात्र ०, १, १, १, सरासरी ०.७५. एसआरटीएफची ०.५ येते, आणि त्याला सगळे बर्स्ट आधी सांगावे लागले होते. इथे कोणालाच काही सांगितलं नाही. शिवाय ४ च्या क्षणाचं भांडणही इथे नाही, कारण ख आणि घ तेव्हा वेगवेगळ्या रांगांत आहेत.

याला फसवता येतं. एखादा प्रोग्रॅम क्वांटम संपायच्या जरा आधी मुद्दाम छोटंसं आयओ करून सीपीयू सोडतो आणि कायम वरच्या रांगेत राहतो. म्हणून एका फेरीपुरतं न पाहता त्या रांगेत एकूण किती सीपीयू खाल्ला याचा हिशोब ठेवावा लागतो.

---

अर्धाकप

लिनक्समध्ये हेच आहे ना?

---

डोंगरवाट

साध्या प्रोसेससाठी नाही. २००७ मध्ये २.६.२३ पासून सीएफएस होता. त्यात कोणी आतापर्यंत किती सीपीयू वापरला याची वजनानुसार नोंद असते आणि सर्वात कमी वापरलेल्याला पुढची पाळी मिळते. २०२३ च्या ६.६ पासून त्याची जागा ईईव्हीडीएफने घेतली, ज्यात हिश्श्याबरोबर मुदतही पाहिली जाते. दोन्हींत ठरावीक क्वांटमच्या अशा रांगा नाहीत. विंडोजची रचना पायऱ्यांच्या कल्पनेच्या जास्त जवळ जाते.

---

खडूफळा

प्रायॉरिटीचं मी घेतो. आकडे असे देऊ: क ला २, ख ला ४, ग ला १, घ ला ३. लहान आकडा म्हणजे वरचा मान. हेही प्रश्नात लिहिलेलं असायला हवं, कारण लिनक्सच्या `nice` मध्ये −२० सर्वात वरचा, तर विंडोजमध्ये ० ते ३१ पैकी ३१ सर्वात वरचा. मधे उठवायची मुभा आहे.

```
०    ३  ४      ८      ११      १५
| क  |ग |  क   |  घ   |   ख   |
```

क १, ख १०, ग ०, घ ४. सरासरी ३.७५, दिसायला छान. पण ख १ ला येऊन ११ पर्यंत नुसता ताटकळला. वरच्या मानाची कामं येत राहिली असती तर अजूनही ताटकळला असता. त्यावर उपाय एजिंग: समजा दर ५ एकक थांबल्यावर आकडा एकाने कमी करायचा. ६ ला ख चा आकडा ३ होतो. ८ ला क संपतो तेव्हा ख आणि घ दोघेही ३ वर, आणि ख आधी आलेला, म्हणून ख बसतो.

---

मृद्गंध

सर, पण ९ ला घ चे पण ५ एकक थांबून होतात. त्याचा आकडा २ होतो आणि चालू असलेला ख ३ वर आहे. मग घ ने ख ला उठवायचं का? मी दोन्ही काढून पाहिलं. उठवलं तर घ ९ ते १२ आणि ख चे उरलेले ३ एकक १२ ते १५. ख चं वेटिंग १०, घ चं ५. न उठवलं तर ख ८ ते १२, घ १२ ते १५. ख चं ७, घ चं ८. सरासरी दोन्हीकडे ४ च!

---

खडूफळा

छान पकडलंस. उठवलं तर ख चं थांबणं एजिंग नसतानाइतकंच, म्हणजे १०, राहतं. ज्याच्यासाठी एजिंग आणलं त्यालाच त्याचा फायदा नाही. म्हणून मी शिकवताना असं धरतो की थांबून वाढलेला मान रांगेतून पुढे जायला वापरायचा, चालू प्रोसेसला उठवायला नाही.

---

डोंगरवाट

मला ते पूर्ण पटत नाही, सर. घ ही थांबलेलाच आहे, त्याने मिळवलेला मान अर्धा का धरायचा? माझ्या मते दुरुस्ती दुसरीकडे हवी: वाढलेल्या मानावर ज्याला पाळी मिळाली, त्याला निदान एक क्वांटम तरी त्या पाळीत सुरक्षित मिळावा. विंडोज साधारण असंच करतं. सुमारे ४ सेकंद ताटकळलेल्या थ्रेडला १५ पर्यंत चढवतं आणि क्वांटम वापरून झाला की मूळ मानावर परत आणतं. अर्थात त्यापेक्षा वरचा रिअल-टाइम थ्रेड आला तर तो त्यालाही उठवणारच.

---

खडूफळा

क्वांटम २ धरला तर ख ८ ते १० चालेल, मग घ १० ते १३, मग ख १३ ते १५. ख चं वेटिंग पुन्हा १०, घ चं ६. सरासरी ४ वरून ४.२५ झाली. मृद्गंध, क्वांटम ३ घेऊन तूही मांडून बघ, आणि मग सांग कोणाची बाजू घेतेस.